आखूड लिंकमागचा पूर्ण पत्ता

महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने १८ सप्टेंबर २०२५ रोजी लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थी महिलांना ई-केवायसी बंधनकारक केली. सुरुवातीला दोन महिन्यांची मुदत होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यासाठी हे दिवस फार अडचणीचे होते. बालाघाटाच्या या डोंगराळ भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि असे अनेक कोयते मुकादमाच्या हाताखाली पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर जातात. ते परततात थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे केवायसीची धावपळ ऐन भरात असताना ज्या बाईला महिन्याच्या दीड हजारांची खरी गरज आहे, ती गावापासून दोन-तीनशे किलोमीटरवर, उसाच्या फडात. तालुक्याच्या गावी जाऊन सेवा केंद्रात विचारायची सोय नाही. हाताशी आहे तो नवऱ्याचा किंवा मुलाचा फोन, आणि त्यावर गावच्या ग्रुपमधून आलेला मेसेज: केवायसी केली नाही तर हप्ता बंद, खालील लिंकवर लगेच माहिती भरा. याच काळात या योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे फिरू लागल्याच्या बातम्या आल्या आणि फक्त अधिकृत संकेतस्थळच वापरावे, असे आवाहन शासनाला करावे लागले.

अशा प्रसंगी बहुतेक जण सांगतात, की अनोळखी लिंकवर आधार क्रमांक देऊ नका, ओटीपी सांगू नका. पण खऱ्या केवायसीत नेमके तेच द्यायचे होते. आधी त्या महिलेचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्याही मोबाइलवर आलेला ओटीपी. बनावट पानाने हीच माहिती याच क्रमाने मागितली, तर त्यात वावगे वाटण्यासारखे काहीच उरत नाही. रंग, बोधचिन्ह, मंत्र्यांची छायाचित्रे आणि सूचनांची भाषा तर खऱ्या पानावरून जशीच्या तशी उचलता येते. खरे आणि खोटे पान यांत एकच गोष्ट अशी आहे जी फसवणाऱ्याला उचलता येत नाही, ती म्हणजे पानाचा पत्ता. या योजनेचा अधिकृत पत्ता `ladakibahin.maharashtra.gov.in` असा आहे. आखूड केलेल्या लिंकमध्ये आणि क्यूआर कोडमध्ये नेमकी हीच एक गोष्ट झाकली जाते. म्हणून अशी लिंक किंवा कोड समोर आला, की ‘हे खरे असेल का’ हा प्रश्न बाजूला ठेवून आधी झाकलेला पत्ता उघडा करून पाहावा, आणि तो उघडा करता आला नाही तर त्या वाटेने जाऊच नये, असे माझे म्हणणे आहे. पत्ता पाहण्याआधी मेसेजच्या मजकुरावर विचार करत बसण्यात अर्थ नाही, कारण तो मजकूर विश्वास बसावा म्हणूनच लिहिलेला असतो.

आखूड लिंक मुळात फसवणुकीसाठी निघालेली नाही. २००२ मध्ये केव्हिन गिल्बर्टसन यांनी TinyURL ही सेवा सुरू केली, ती लांबलचक पत्ते ईमेलमध्ये तुटतात आणि चालत नाहीत म्हणून. पुढे ट्विटरवर अक्षरांची मर्यादा आली आणि २००८ साली सुरू झालेल्या Bitly सारख्या सेवा घरोघरी पोहोचल्या. मराठी एसएमएसची अडचण तर आणखी मोठी आहे. इंग्रजी एसएमएसच्या एका भागात १६० अक्षरे बसतात, पण देवनागरीत लिहिले की तीच मर्यादा ७० वर येते, आणि काना-मात्राही त्यात वेगळ्या मोजल्या जातात. लाडकी बहीण योजनेचा अधिकृत पत्ता `https://` सकट लिहिला तर ३८ अक्षरे खातो. सत्तरातली अडतीस पत्त्यातच गेल्यावर काय सांगायचे ते कुठे लिहिणार? जास्तीच्या प्रत्येक भागाचे पैसे वेगळे पडतात. त्यामुळे बँका, विमा कंपन्या आणि सरकारी विभागही आखूड लिंक पाठवतात. आखूड लिंक दिसली म्हणजे फसवणूकच, असा नियम करता येत नाही, तो याच कारणाने. तसा नियम शिकवला तर चार खऱ्या लिंक पाहिल्यावर माणूस तो सोडून देतो आणि पाचव्या, खोट्या लिंकच्या वेळी त्याच्याकडे कोणताच नियम उरत नाही.

आता या लिंकच्या आत काय घडते ते पाहू, कारण ते कळले की पत्ता उघडा करण्याची युक्तीही आपोआप कळते. आखूड लिंकवर बोट ठेवले, की आपला फोन आधी त्या सेवेच्या सर्व्हरकडे जातो. त्या सर्व्हरकडे एक यादी असते, त्यात या आखूड नावासमोर खरा लांब पत्ता नोंदवलेला असतो. सर्व्हर पान दाखवत नाही. तो फक्त एक लहानसे उत्तर देतो: ३०१ किंवा ३०२ असा क्रमांक, आणि `Location` या शीर्षकापुढे खरा पत्ता. ब्राउझर ते उत्तर वाचतो आणि आपल्याला न विचारता, डोळ्याचे पाते लवायच्या आत, नव्या पत्त्यावर निघून जातो. म्हणजे खरा पत्ता गुप्त नसतोच. ज्याने विचारले त्याला तो सांगितला जातो, फक्त आपण तो वाचावा इतका वेळ ब्राउझर मध्ये थांबत नाही. आपल्याला तेवढेच साधायचे आहे: पत्ता विचारायचा, पण पुढे जायचे नाही.

याची सोय काही सेवांनी स्वतःच ठेवली आहे. `bit.ly` ने सुरू होणाऱ्या लिंकच्या शेवटी `+` हे चिन्ह जोडून ती उघडली, तर मूळ पानाऐवजी त्या लिंकची माहिती देणारे पान येते. TinyURL साठी पत्त्याच्या आधी `preview.` जोडायचे, म्हणजे `preview.tinyurl.com/` आणि पुढे लिंकमधली तीच अक्षरे. `is.gd` च्या लिंकला शेवटी `-` लावले की तेच काम होते. फोनवर हे करताना चूक होते ती एकाच ठिकाणी: लिंकवर बोट टेकवले जाते आणि ती उघडते. बोट दाबून धरायचे, ‘कॉपी’ निवडायचे, ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत चिकटवायचे, जास्तीचे चिन्ह घालायचे आणि मगच पुढे जायचे. चिकटवताच उघडण्याचा पर्याय काही ब्राउझर देतात, तो घ्यायचा नाही. संगणकावर बसणाऱ्याला, उदाहरणार्थ दिवसभर लोकांनी आणलेल्या लिंक पाहणाऱ्या सेवा केंद्राच्या चालकाला, याहून सरळ मार्ग आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `curl` ही आज्ञा आधीपासूनच असते, आणि ती सर्व्हरचे उत्तर फक्त वाचून दाखवते, पुढच्या पानावर जात नाही. फडावरून कुणी पाठवलेली केवायसीची लिंक तपासली आणि असे उत्तर आले, असे समजू:

```
curl -I "https://tinyurl.com/xxxxxx"

HTTP/1.1 301 Moved Permanently
Location: https://ladakibahin.maharashtra.gov.in.kyc-update.example/form
```

हा पत्ता उदाहरणासाठी रचलेला आहे, पण रचनेची तऱ्हा अस्सल आहे. पहिल्या नजरेत सगळे बरोबर दिसते: योजनेचे नाव, महाराष्ट्र, `gov.in`. फसगत होते ती आपण डावीकडून वाचतो म्हणून. वेबपत्त्यातला मालक उजवीकडे असतो. `https://` च्या पुढे पहिली तिरपी रेघ जिथे येते तिथे थांबायचे आणि तिथून मागे, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायचे. वरच्या पत्त्यात पहिल्या तिरप्या रेघेआधी `kyc-update.example` आहे, आणि मालक तोच. त्याच्या डावीकडे जे काही आहे, त्यात `gov.in` सुद्धा आले, ते त्या मालकाने आपल्या मर्जीने लिहिलेले शब्द आहेत. त्याला ते लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. खऱ्या पत्त्यात मात्र रेघेला चिकटून `.gov.in` येते, आणि या शेपटीचे नाव खासगी माणसाला विकत मिळत नाही, ते सरकारी संस्थांनाच दिले जाते. बँकांच्या बाबतीतही आता अशी शेपटी आली आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे `.bank.in` वर नेण्यास सांगितले होते, आणि ही नावेही फक्त बँकांनाच मिळतात. आणखी एक चाल लक्षात ठेवण्यासारखी आहे. पत्त्यात पहिल्या तिरप्या रेघेआधी `@` दिसले, तर त्या चिन्हाच्या डावीकडचे सगळे ब्राउझर पत्ता म्हणून मोजतच नाही. खरा पत्ता चिन्हानंतर सुरू होतो.

रोमी अक्षरे नीट न वाचणाऱ्या माणसाने हे कसे करायचे, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण धारूरसारख्या तालुक्यात तो खरा आहे. पण इथे इंग्रजी वाचायचे नसते. रेघेच्या लगेच डावीकडे `.gov.in` ही सुरुवातीच्या टिंबासकट सात चिन्हे त्याच क्रमाने आहेत की नाहीत, एवढे जुळवून पाहायचे असते. सातवीतला मुलगा किंवा मुलगी हे सहज करू शकते, आणि टोळीबरोबर किंवा गावी आजीपाशी असे एखादे मूल बहुतेक असतेच. ‘लाडकी’ हा शब्द रोमीत `ladki` लिहायचा की `ladaki`, असल्या घोळात मात्र पडू नये. अधिकृत नावात `ladaki` आहे, आणि आपल्या मनाने नाव टाइप करणारा तिथे सहज चुकतो. नाव चुकले तर सहसा पान सापडत नाही, पण चुकीच्या स्पेलिंगची नावे मुद्दाम घेऊन ठेवणारेही असतात. शेपटी जुळली की नाही, ही कसोटी स्पेलिंगवर अवलंबून नाही, म्हणून ती जास्त भरवशाची.

पत्ता पाहण्याच्या या रीतीलाही मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्या नाहीत तर ती रीतच धोक्याची ठरेल. आखूड लिंकमागे दुसरी आखूड लिंक असू शकते, आणि तिच्यामागे तिसरी. `curl` किंवा `+` एकच टप्पा दाखवते, त्यामुळे उत्तरात पुन्हा आखूड लिंक आली तर तपासणी पुन्हा करावी लागते. पुष्कळदा दिसणारा पत्ता नामांकित कंपनीचा असतो, पण त्यातच पुढे `?url=` किंवा `?q=` यानंतर दुसरा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. खरे ठिकाण तो दुसरा पत्ता असतो. काही सर्व्हर तर विचारणारा कोण आहे ते पाहून उत्तर बदलतात: संगणकावरून विचारले तर निरुपद्रवी पान, अँड्रॉइड फोनवरून आले तर सापळा. शिवाय आखूड लिंकमागचा पत्ता तिचा मालक पुढे बदलू शकतो, म्हणून सकाळी तपासलेली लिंक संध्याकाळी तिथेच नेईल याची हमी नाही. यातून निघणारा निष्कर्ष दोन्ही बाजूंना सारखा लागू होत नाही. उघडा केलेला पत्ता वाईट दिसला, तर निर्णय पक्का: ती लिंक खोटी. पण पत्ता बरा दिसला, तर एवढेच कळते की अजून काही खोटे सापडलेले नाही. म्हणून पत्ता चांगला निघाला तरी त्या लिंकवरून आत न जाता, शेपटी जुळवलेला अधिकृत पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करून जावे. खरी केवायसी असेल तर ती तिथेही असणारच. मेसेजमधल्या लिंकवरच जे काम होते आणि अधिकृत पानावर ज्याचा मागमूस नाही, त्या कामाबद्दलचा संशय तिथेच पक्का होतो.

झाकलेला पत्ता पाहण्यासाठी VirusTotal आणि urlscan.io अशी संकेतस्थळेही आहेत. ती संकेतस्थळे तुमच्या वतीने लिंक उघडतात आणि शेवटी कोणता पत्ता आला ते सांगतात. urlscan.io तर त्या पानाचे चित्रही दाखवते. फोन न गुंतवता पाहण्याचा हा चांगला मार्ग आहे. मात्र तिथे टाकलेली लिंक इतरांनाही दिसू शकते. एखाद्या लिंकमध्ये तुमच्या नावाचा खास सांकेतिक तुकडा असेल, जसे पासवर्ड बदलण्याची किंवा कागदपत्र पाहण्याची लिंक, तर ती अशा सार्वजनिक ठिकाणी टाकणे म्हणजे आपल्या दाराची किल्ली चौकात टांगणे होय. ग्रुपमध्ये सगळ्यांना आलेली लिंक टाकावी, फक्त आपल्याला आलेली टाकू नये.

क्यूआर कोडला हाच सगळा युक्तिवाद लागू पडतो, फक्त झाकण अधिक घट्ट असते. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हा कोड बनवला तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. यंत्राने वाचावा म्हणूनच तो बनलेला असल्याने माणसाला त्यात काही वाचता येत नाही. आखूड लिंकमध्ये निदान `bit.ly` तरी दिसते, इथे काळे-पांढरे चौकोन. ईमेलमधून लिंकऐवजी कोड पाठवण्यामागे आणखी एक कारण असते. कार्यालयाच्या मेलमधली गाळणी मजकुरातल्या लिंक तपासते, पण चित्रात दडलेला पत्ता तिच्या नजरेतून सुटू शकतो. आणि मेल संगणकावर आलेला असला तरी कोड स्कॅन होतो स्वतःच्या फोनने, म्हणजे कार्यालयाच्या संरक्षणाबाहेर. शाळा, बँकेची शाखा किंवा पंचायत समिती, कुठेही ‘पगाराचा तपशील पाहण्यासाठी कोड स्कॅन करा’ असा मेल आला तर आधी हेच विचारावे: मेल वाचणारा माणूस लिंकवर बोट ठेवू शकत असताना त्याला फोन काढायला का लावले जात आहे? छापील कागदावर कोडला अर्थ असतो, कारण कागदावर बोट ठेवून पान उघडत नाही. फोनवरच आलेल्या मेसेजमध्ये कोड असण्याला तर त्याहून कमी अर्थ आहे. ज्या फोनवर तो दिसतो त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा?

कोडमध्ये काय आहे ते पाहायचे तर फोनचा मूळ कॅमेरा पुरतो. तो पत्ता वाचून पडद्यावर पट्टी दाखवतो आणि आपण पट्टीवर बोट ठेवेपर्यंत थांबतो. फोनमध्येच साठलेल्या चित्रातला कोड गूगल लेन्सने वाचता येतो. आयफोनची पट्टी बहुतेक वेळा फक्त मालकाचे नाव दाखवते, पूर्ण पत्ता नाही. पूर्ण हवा असेल तर पट्टी दाबून धरून लिंक कॉपी करावी आणि वाचावी. स्कॅन होताच पान उघडणारी वेगळी स्कॅनर ॲप मात्र काढून टाकावीत, कारण ज्या क्षणी थांबायला हवे तोच क्षण ती खाऊन टाकतात. आणि कोडमध्ये दर वेळी वेबपत्ताच असतो असेही नाही. पैशांचा कोड असा दिसतो:

```
upi://pay?pa=abcd@bank&pn=MSEB%20Bill&am=4999&cu=INR
```

यात `pa` म्हणजे पैसे ज्या खात्यात जाणार त्याचा यूपीआय आयडी, `am` म्हणजे रक्कम, आणि `pn` म्हणजे कोड बनवणाऱ्याने आपल्या मनाने लिहिलेले शीर्षक. ‘वीजबिल’ लिहिले म्हणून पैसे वीज कंपनीकडे जात नाहीत. पैसे देण्याआधी ॲप बँकेकडे नोंदवलेले खातेदाराचे नाव दाखवते, वाचायचे ते. ‘हप्ता मिळवण्यासाठी कोड स्कॅन करून पिन टाका’ असा मेसेज तर वाचताक्षणी सोडून द्यावा. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पैशांपेक्षाही कमी माहीत असलेला तिसरा प्रकार आहे व्हॉट्सॲपचा. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन कोड स्कॅन केला, की कोड दाखवणाऱ्याचा संगणक आपल्या खात्याला जोडला जातो. त्याला आपले संदेश वाचता येतात आणि आपल्या नावाने गावच्या ग्रुपवर पुढची लिंकही टाकता येते. इथे कुठलेही बनावट पान नसते, त्यामुळे पत्ता तपासून काही हाती लागत नाही. त्या चौकटीतून फक्त स्वतःच्या संगणकाच्या पडद्यावरचा कोड स्कॅन करायचा, दुसऱ्याने पाठवलेला कधीच नाही.

पत्ता तपासण्याच्या या आग्रहावर चार गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. लिंकखाली योजनेचे चित्र आणि नाव दिसले, म्हणजे खरी असणार. पण ते चित्र आणि नाव त्या पानाच्या मालकानेच ठरवलेले असते, व्हॉट्सॲप ते फक्त मांडते. पत्त्याला कुलूप दिसले, म्हणजे सुरक्षित. कुलपाने एवढेच कळते की मधल्या वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे कोण बसले आहे ते कळत नाही, आणि कुलूप बनावट पानालाही फुकट मिळते. तिसरी गोष्ट, सरकारने आता लिंकवर बंदी आणली आहे. दूरसंचार नियामक ट्रायने १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदणी न केलेल्या लिंक असलेले व्यावसायिक एसएमएस अडवायला कंपन्यांना सांगितले, हे खरे आणि उपयोगाचे आहे. सरकारी एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी आता `-G` येते, तेही पाहून घ्यावे. पण हे नियम नोंदणीकृत नावाने येणाऱ्या एसएमएसपुरते आहेत. दहा आकडी नंबरवरून आलेला मेसेज, ईमेल आणि व्हॉट्सॲप त्यांच्या बाहेर राहतात, आणि केवायसीच्या लिंक फिरतात त्या मुख्यतः व्हॉट्सॲपवर.

चौथे म्हणणे सर्वांत वजनदार आहे: नुसती लिंक उघडल्याने काही होत नाही, मग एवढी खटपट कशाला? अद्ययावत फोनवर नुसते पान उघडून खाते रिकामे होणे खरेच दुर्मिळ आहे. नुकसान होते ते पुढच्या पायरीवर, माहिती भरली की किंवा पानाने दिलेली एपीके फाइल बसवली की. एपीके म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून येणारे ॲप. ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि ती मिळाली की बँकेचे ओटीपी परस्पर पुढे पाठवते. मग आपण कुणाला ओटीपी सांगितला नाही, तरीही तो पोहोचतो. तरी पान उघडण्याआधीच पत्ता पाहण्याचा माझा आग्रह आहे, कारण पान उघडल्यावर निर्णय घेणे अवघड होते. समोर आपल्या योजनेचे नाव, मुदतीचे उलटे मोजणारे घड्याळ, आणि हप्ता जाण्याची भीती. पत्त्याच्या दोन ओळी शांतपणे वाचण्याची ती वेळ नसते. शिवाय नुसत्या उघडण्यानेही पलीकडच्याला कळते की हा नंबर चालू आहे आणि इथले माणूस बोट ठेवते.

माहिती भरून झाली असेल किंवा एपीके बसली असेल, तर फोन तातडीने विमान मोडमध्ये टाकावा, म्हणजे ओटीपी बाहेर जाणे थांबते. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी ती खाती गोठवता येतात, म्हणून इथे दिवस नव्हे तर तास महत्त्वाचे. तक्रार `cybercrime.gov.in` वरही करता येते. पैसे गेले नसतील, फक्त संशयित मेसेज आला असेल, तर तो संचार साथीच्या ‘चक्षू’ सुविधेवर नोंदवता येतो. तो पाठवणारा बहुतेक वेळा स्वतः फसलेला गाववालाच असतो. त्याच्यावर ग्रुपमध्ये राग काढण्याऐवजी त्याच लिंकचा उघडा केलेला पत्ता आणि खाली अधिकृत पत्ता, असे दोन्ही एकाखाली एक टाकावेत, म्हणजे फडावर बसून वाचणाऱ्या बाईलाही शेपटी जुळवून पाहता येईल.